उभं राहून काम की चालत काम? नाडी काय सांगते ते बघा



उभ्याने काम करायचं टेबल घेतलं की बरेच जण घड्याळात पल्स बघतात. बसल्यावर 72, उभं राहिल्यावर 82. मग वाटतं, चला, काम करता करता व्यायाम झाला! इथेच गल्लत होते.

तुम्ही उभे राहता तेव्हा साधारण अर्धा लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त बाहेर पडतं. ती तूट भरायला हृदय ठोके वाढवतं. म्हणजे हे 10 ठोके स्नायूंनी काम केलं म्हणून वाढले नाहीत, वजन ओढणाऱ्या पृथ्वीमुळे वाढले. खर्च म्हणाल तर बसण्यापेक्षा तासाला जेमतेम 8-10 कॅलरी जास्त.

चालताना गणित बदलतं. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि पायातलं रक्त वर ढकलते. हृदयाला ती तूट भरावी लागत नाही. आता ठोके वाढतात ते स्नायूंना ऑक्सिजन हवा म्हणून. त्यामुळे हळू चालताना पल्स उभ्यापेक्षा फार वर दिसली नाही, तरी ऊर्जा बसण्याच्या जवळपास दुप्पट लागते. नुसता आकडा बघू नका, तो कशामुळे वाढला ते बघा.

स्वतः मोजा. चहा घेतल्यावर लगेच नको. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर बोटं ठेवून 30 सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. मग तीन मिनिटं स्थिर उभे राहून मोजा. शेवटी पाच मिनिटं रमतगमत चाला आणि थांबल्या थांबल्या मोजा. समजा 72, 82 आणि 92 आले. थांबल्यावर पल्स पटकन उतरते, म्हणून हा तिसरा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत, तेव्हा गोळी चालू असेल तर आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

उभं राहिल्यावर पल्स 30 किंवा जास्त वाढून तशीच राहते आणि चक्करही येते? मग टेबल बाजूला ठेवा, डॉक्टरांना भेटा.

आता दिवस कसा लावायचा? हिशेब, जीएसटीची आकडेमोड, टायपिंग बसूनच करा, चालताना चुका होतात. उधारीच्या वसुलीचे, सप्लायरचे फोन मात्र चालत करा. रोज दहा मिनिटांचे चार फोन म्हणजे 40 मिनिटं चालणं झालं, वेगळा वेळ न काढता. उभं राहणं मधल्या बदलापुरतं ठेवा, अर्धा तास बास. दिवसभर काउंटरमागे उभं राहून संध्याकाळी पाय कसे सुजतात, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको!