जुना क्लायंट गेल्यावरचा हिशेब

यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद शब्दावर मोजला जातो, आणि मोजायचे शब्द असतात मूळ इंग्रजीचे. इंग्रजीत ‘इन द टँक’ म्हणायला तीन शब्द लागतात. मराठीत ‘टाकीत’ म्हटले की काम झाले. विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने मराठी मजकूर शब्दसंख्येत नेहमीच आटोपशीर होतो. तो मोजून पैसे घेतले, तर अनुवादक घाट्यात जातो. पुण्यातल्या एका अनुवादक बाईंची ही कथा या मोजणीपासूनच सुरू होते. तिच्यातले आकडे त्या एका घरापुरते आहेत.

बाई आठ वर्षे शेती-अवजारांच्या एका मोठ्या कंपनीसाठी मराठी पुस्तिका करत होत्या. दर अडीच रुपये शब्द. महिन्याला सरासरी २८,००० शब्दांचे बिल व्हायचे, म्हणजे ७०,००० रुपये. त्यांतले ४५,००० या एकाच कंपनीचे. उरलेले २५,००० किरकोळ कामांतून यायचे. सप्टेंबरअखेर कंपनीच्या खरेदी विभागाचा मेल आला: पुढच्या वर्षाचे काम एका एजन्सीला दिले आहे, तिचा दर एक रुपया दहा पैसे. मेल सभ्य होता, आभारही मानले होते.

अशा वेळी फ्रीलान्सरच्या मनात पहिल्यांदा येते ते ‘आपणही तेवढ्यात करून देऊ’. बाईंनी उत्तर लिहायला घेतलेही होते. ते पाठवण्याआधी त्यांनी कागदावर आकडेमोड केली. घरखर्चातला त्यांचा वाटा ३८,००० आणि धंद्याचा खर्च (सॉफ्टवेअर, इंटरनेट, संगणकाची झीज, सीए, आरोग्यविमा) ६,०००, असे महिन्याला ४४,००० लागत. निव्वळ अनुवादाचे दिवस महिन्यात चौदाच. बाकीचे शंका विचारण्यात, बिले करण्यात आणि कामे शोधण्यात जात. दिवसाला २,००० नवे शब्द धरले तर क्षमता झाली २८,००० शब्दांची. ४४,००० भागिले २८,००० म्हणजे शब्दाला एक रुपया सत्तावन्न पैसे. याखाली गेले की काम भरपूर असूनही शिल्लक आटणार. सरळ हिशेबाने एक रुपया दहा पैशांत काम घेणे म्हणजे महिन्याला ३०,८०० रुपयांत घर चालवणे.

मग एजन्सीला ते परवडते कसे? त्याचे उत्तर बाईंच्या स्वतःच्या संगणकावर होते. अनुवादक वापरतात ते सॉफ्टवेअर प्रत्येक इंग्रजी वाक्य आणि त्याचे मराठी रूप जोडीने साठवते. या साठ्याला धंद्यात मेमरी म्हणतात. नव्या पुस्तिकेत तेच किंवा जवळपास तेच वाक्य आले की जुना अनुवाद समोर येतो. तो फक्त तपासून घ्यायचा. ट्रॅक्टरचे नवे मॉडेल आले तरी तेल बदलण्याची, टायरमध्ये हवा भरण्याची, बॅटरी जोडण्याची वाक्ये तीच राहतात. जूनमध्ये कंपनीने बाईंकडे ही मेमरी `.tmx` फाइलच्या रूपात मागितली होती, ‘रेकॉर्डसाठी’. बाईंनी एका ओळीच्या मेलसोबत ती पाठवून दिली. नोकरीत नसलेल्या अनुवादकाने केलेल्या अनुवादाचा पहिला हक्क १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार अनुवादकाचाच असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. पण त्या दिवशी हे कोणाच्याच डोक्यात नव्हते. खरे तर काम जाण्याची चाहूल तेव्हाच लागायला हवी होती. नेहमीच्या कामाला न लागणारी फाइल खरेदी विभाग मागू लागला की तिचा उपयोग दुसरीकडे होणार, हे बहुधा ठरलेले असते.

बाईंनी शेवटच्या पुस्तिकेचे शब्द मोजून पाहिले. शंभरांतले ६० शब्द मेमरीत आधीच होते, नवे ४०. मेमरीतला शब्द तपासायला नव्याच्या सुमारे एक चतुर्थांश कष्ट पडतात, म्हणजे ६० शब्दांचे कष्ट १५ नव्या शब्दांएवढे. एकूण कष्ट ५५ शब्दांचे. एजन्सीला शंभर शब्दांचे ११० रुपये मिळणार असतील, तर कष्टाच्या प्रत्येक शब्दामागे तिला दोन रुपये पडतात. हा दर बाईंच्या तळाच्या दराहून वरच होता. आणि त्याच कष्टासाठी बाई २५० रुपये घेत होत्या, म्हणजे शब्दाला साडेचार रुपयांच्या वर. पन्नास पानांचे काम पूर्वी नऊ दिवस खायचे, अलीकडे पाचात उरकायचे. बिल मात्र तेच राहिले. बाईंना कंपनी कृतघ्न वाटली होती. या हिशेबानंतर तसे म्हणणे अवघड झाले. स्वस्त प्रतिस्पर्ध्याचा दर बाईंच्याच आठ वर्षांच्या वाक्यांवर उभा होता हे खरे, पण त्या वाक्यांमुळे झालेली बचत बाईंनी कंपनीला कधी दाखवली नव्हती, हेही तितकेच खरे.

हे कळले तेव्हा वर्षाचा करार झालेला होता. बाईंनी दराचा मेल पाठवलाच नाही. पाठवले ते थकलेल्या दोन बिलांचे पत्र, एकूण ९०,००० रुपयांचे. बाईंची उद्यम नोंदणी जुनी होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागते. पत्रात नोंदणी क्रमांक आणि बिलांच्या तारखा एवढेच होते, व्याजाची मागणी नव्हती. तीन आठवड्यांत पैसे जमा झाले.

बँकेतली शिल्लक २,२८,००० होती. ती किती दिवस पुरेल हे काढताना लोक शिल्लक एकूण खर्चाने भागतात आणि घाबरतात. भागायचे असते तुटीने. खर्च ४४,०००, चालू उत्पन्न २५,०००, तूट १९,०००. म्हणजे शिल्लक बरोबर बारा महिने पुरणार होती, शिवाय वसूल झालेली बिले वेगळी. वर्षभराची मुदत आहे हे कळल्यामुळेच बाईंनी पुढचे तीन महिने नव्वद पैशांची एजन्सीची कामे नाकारली. ती घेतली असती तर नवे क्लायंट शोधायला दिवसच उरले नसते.

पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात किसान हे कृषिप्रदर्शन भरते. बाई दोन दिवस तिथे स्टॉलमागून स्टॉल फिरल्या आणि पंप, फवारणी यंत्रे, रोटाव्हेटर यांच्या ३१ पुस्तिका पिशवीत घेऊन आल्या. निम्म्या फक्त इंग्रजी किंवा हिंदीत होत्या. मराठी होत्या त्यांतल्या नऊ पुस्तिकांचे एकेक पान बाईंनी लाल शाईने तपासले. एका पानावर टर्बो इंजिनाबद्दल ‘बंद करण्यापूर्वी इंजिन दोन मिनिटे निष्क्रिय ठेवा’ असे छापले होते. इंग्रजीतला शब्द ‘आयडल’. मेकॅनिकच्या मराठीत इंजिन ‘स्लोवर’ चालू ठेवणे. निष्क्रिय म्हटल्यावर शेतकरी इंजिन बंदच करणार, आणि सूचना नेमकी त्याच्या उलट आहे. जोराच्या कामानंतर इंजिन एकदम थांबवले की तेलाचा पुरवठा तुटतो आणि तापलेल्या टर्बोचे बेअरिंग कोरडे पडते. दुसऱ्या पानावर इंधन यंत्रणेतली हवा काढण्याच्या जागी ‘इंधनाचा रक्तस्राव करा’ होते. वाचून हसू येते, पण त्यातून नुकसान होत नाही, कारण त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. घातक असते ते शहाणे दिसणारे चुकीचे वाक्य.

तिसऱ्या पानावर अनुवाद ठीक होता, छपाई बिघडली होती. ‘किल्ली’तली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसली होती आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी झाली होती. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` लावला नाही की देवनागरीचे असे होते. डीटीपी करणाऱ्याला मराठी येत नसेल तर ते त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून बाईंनी आपल्या कामात अनुवादाबरोबर शेवटची पीडीएफ तपासून देणेही धरले, एजन्सीच्या दरात जे बसत नव्हते.

नऊ जणांना दुरुस्त पाने गेली, सोबत दोन ओळींचे पत्र. उत्तरे आली चार, काम दिले दोघांनी: कोल्हापूरकडचा एक पंप बनवणारा आणि नाशिकचा एक फवारणी यंत्रांचा कारखानदार. यांच्याकडे खरेदी विभाग नसतो. मालक स्वतः फोन उचलतो आणि ‘ताई, जरा बघा की कमी होतंय का’ म्हणतो. त्यांच्यासाठी बाईंनी दरपत्रक नव्याने बांधले. नवा शब्द अडीच रुपये, मेमरीतला शब्द साठ पैसे, पीडीएफ तपासणी पानामागे वेगळी. ६०-४०च्या त्याच प्रमाणात शंभर शब्दांचे १३६ रुपये होतात. एजन्सीपेक्षा जास्तच, पण दुसऱ्या आवृत्तीचे बिल पहिलीपेक्षा उतरलेले दिसते, आणि ते का उतरले हे बिलावरच लिहिलेले असते.

सगळे सुरळीत झाले नाही. फवारणीवाल्यांनी पहिल्याच बिलाला चार महिने लावले. तेव्हापासून नव्या कामाला ४० टक्के आगाऊ आल्याशिवाय फाइल उघडायची नाही, असे बाईंनी ठरवले. एका कामात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला आणि तो पुन्हा टंकण्यात सहा दिवस फुकट गेले. आता कोटेशन देण्याआधी त्या मूळ फाइल मागवून घेतात. जूनपर्यंत उत्पन्न ३८,००० वर आले, तूट ६,००० उरली. काम सुटल्यापासून दीड वर्षाने ते ६१,००० झाले. पूर्वीइतके नाही. पण क्लायंट सहा होते आणि सर्वांत मोठ्याकडून १९,००० येत होते, एकतीस टक्के. पूर्वी हाच वाटा चौसष्ट टक्के होता.

त्याच सुमारास जुन्या कंपनीच्या सर्व्हिस विभागातून फोन आला. खरेदी विभागाचा त्याच्याशी संबंध नव्हता. एजन्सीने केलेल्या पुस्तिकेतली काही वाक्ये डीलरच्या मेकॅनिकना कळत नव्हती. छपाईआधी कोणी मराठी नजर टाकेल का, अशी विचारणा होती. बाईंनी ते काम शब्दावर घेतले नाही, तासाला ६०० रुपये लावले, महिन्याला दहा तासांची मर्यादा घातली आणि करारात एक ओळ लिहून घेतली: मेमरीची फाइल मागितल्यास तिची किंमत वेगळी ठरेल.