भिंतीवरचा मीटर पडद्यावर कसा नाहीसा होतो

चित्रित झालेल्या दृश्यातून एखादी वस्तू काढायची म्हणजे प्रत्यक्षात ती झाकायची. वस्तू पुसल्यावर तिच्या जागी भोक राहते, आणि तिच्यामागे काय होते हे कॅमेऱ्याने कधी पाहिलेलेच नसते. त्यामुळे त्या जागेवर दुसऱ्या चित्राचे ठिगळ बसवावे लागते. हलत्या दृश्यात अक्षरे किंवा चित्र चिकटवण्याचे कामही मुळात हेच असते. दोन्ही ठिकाणी प्रश्न दोनच: ठिगळ ज्या पृष्ठभागावर बसवायचे तो प्रत्येक फ्रेममध्ये कुठे सरकतो, आणि ठिगळाच्या पुढून कोण जाते? पहिल्याचे उत्तर मोशन ट्रॅकिंग देते, दुसऱ्याचे रोटोस्कोपिंग.

यांपैकी रोटोस्कोपिंग जुने. ॲनिमेटर मॅक्स फ्लायशर यांनी अमेरिकेत १९१५ साली रोटोस्कोप या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ साली ते मिळाले. चित्रित फिल्मची एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि तिच्यावरून रेषा गिरवायची, असे ते यंत्र होते. त्यांचे भाऊ डेव्ह यांनी विदूषकाच्या वेशात केलेल्या हालचाली अशाच गिरवून कोको हा कार्टून-विदूषक जन्माला आला. आज काच गेली आणि गिरवण्याचा हेतूही बदलला, पण स्टुडिओत ‘रोटो’ हा शब्द टिकून आहे. आता त्याचा अर्थ माणसाची किंवा वस्तूची बाह्यरेषा फ्रेमगणिक आखून तिला मागच्या दृश्यापासून वेगळे करणे. अशा आखणीतून तयार होणाऱ्या काळ्या-पांढऱ्या साच्याला मॅट म्हणतात.

समजा, पेशवेकाळातल्या मालिकेचा एक शॉट आहे. वाड्याच्या दगडी भिंतीसमोरून कॅमेरा हळूहळू सरकतो आणि एक घोडेस्वार भिंतीपुढून निघून जातो. भिंतीवर मात्र विजेच्या मीटरची पेटी राहून गेली आहे. शॉट चार सेकंदांचा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १०० फ्रेम. त्यांपैकी ३८ ते ६१ या २४ फ्रेममध्ये स्वार पेटीच्या पुढे येतो.

सुरुवात ट्रॅकिंगने होते. सॉफ्टवेअरला एका फ्रेममधला छोटा चौकोन दाखवला की ते पुढच्या फ्रेममध्ये तशीच नक्षी शोधते आणि ती किती सरकली ते पिक्सेलच्या अंशापर्यंत नोंदवते. दगडाचा टवका किंवा डागाचे टोक यासाठी चांगले. नुसती सरळ कड चालत नाही, कारण कडेच्या दिशेने चौकोन कितीही घसरला तरी नक्षी तशीच दिसते. एका बिंदूवरून जागा कळते, दोन बिंदूंवरून फिरणे आणि लहान-मोठे होणेही कळते, आणि तिरप्या कोनातून दिसणाऱ्या सपाट पृष्ठभागासाठी चार कोपरे लागतात. भिंतीसारख्या ठिकाणी प्लेनर ट्रॅकिंग अधिक भरवशाचे, कारण त्यात सुटे बिंदू न घेता भिंतीचा मोठा तुकडा एकत्र तपासला जातो.

नवशिक्याची चूक इथेच होते. पेटीचे कोपरे ठळक दिसतात म्हणून तो पेटीच ट्रॅक करतो. पण पेटी भिंतीपासून चार-सहा इंच पुढे आलेली असते, आणि कॅमेरा सरकताना जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा पडद्यावर अधिक सरकते. पेटीच्या चालीने चालणारे ठिगळ भिंतीवरून घसरत जाते. ट्रॅक करायची ती भिंत, कारण ठिगळ भिंतीचे आहे. शिवाय घोडा मध्ये आला की सॉफ्टवेअर घोड्याची चाल भिंतीची समजू लागते. म्हणून स्वाराभोवती एक ढोबळ आकार आखून तेवढा भाग ट्रॅकिंगमधून वगळतात. ट्रॅकिंगलाही रोटोची अशी थोडी मदत लागतेच.

ट्रॅक नीट बसला का, हे तपासायला भिंतीवर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी लावून शॉट चालवतात. चौकटी भिंतीत कोरल्यासारखी राहिली तर ठीक. ती तरंगली किंवा शेवटी बोटभर बाजूला गेली, तर पुढचे सगळे काम वाया.

मग ठिगळ. जिथे पेटी सर्वांत मोठी आणि स्पष्ट दिसते ती फ्रेम त्यासाठी निवडतात, कारण लहान केलेले चित्र धारदार राहते, पण मोठे केलेले भुरकट होते. शेजारचे दगड उचलून पेटीवर रंगवायचे. मात्र एकच ओळखू येणारा दगड दोनदा आला की डोळा तो लगेच पकडतो. पेटीची भिंतीवर पडलेली सावलीही झाकावी लागते. ती हमखास विसरली जाते, आणि मग भिंतीवर कशाचीच नसलेली सावली उरते. हे एकच ठिगळ ट्रॅकच्या आकड्यांना जोडले की शंभरही फ्रेममध्ये भिंतीबरोबर चालते.

आता स्वार पेटीच्या जागेवरून जाताना ठिगळाखाली गडप होतो. त्याला परत पुढे आणण्यासाठी त्या २४ फ्रेमचा रोटो करावा लागतो, आणि तोही ठिगळाला जेवढा भाग शिवतो तेवढाच. संपूर्ण घोडा आखण्यात दिवस घालवायचे कारण नाही. डोके, धड, दंड, मनगटापर्यंतचा हात असे वेगवेगळे आकार करतात, कारण एकाच लांब रेषेत सगळे शरीर बसवले की सांधा वळताना रेषा मोडते. आकार प्रत्येक फ्रेमवर हलवायचा नसतो. हात सर्वांत वर कधी गेला, खाली कधी आला, त्या फ्रेमवर कीफ्रेम द्यायची. मधल्या जागा सॉफ्टवेअर भरते, आणि चुकेल तिथेच दुरुस्ती करायची. प्रत्येक फ्रेमवर हाताने आखलेली कड शॉट चालवल्यावर उकळत्या पाण्यासारखी थरथरते, मग प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे अचूक का असेना.

वेगाने हलणारा हात फ्रेममध्ये पुसट उमटतो. शटर १/५० सेकंद उघडे असेल तर तेवढ्या वेळात हात जिथून जिथे गेला, तो सगळा पट्टा चित्रात येतो. रेषा या पुसट पट्ट्याच्या साधारण मधून न्यायची आणि सॉफ्टवेअरमधला मोशन ब्लर तेवढाच ठेवायचा. कडक कडेचा हात कात्रीने कापल्यासारखा वाटतो. घोड्याची आयाळ मात्र रेषेने आखता येत नाही. तिथे केस आणि भिंत यांच्या उजेडातल्या फरकावरून मॅट काढतात किंवा केस पुन्हा रंगवतात. आणि स्वाराची सावली भिंतीवर पडत असेल, तर ती ठिगळावरही पडली पाहिजे. त्यासाठी मऊ कडेचा आकार करून ठिगळ तेवढ्यापुरते काळवंडवतात.

एवढे करूनही काही वेळा भिंतीचा एक चौकोन मेलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणा सतत वळवळत असतो, आणि ठिगळ एकाच फ्रेममधून उचललेले असल्याने त्यातला दाणा गोठलेला असतो. उपाय असा की ठिगळातला मूळ दाणा आधी काढून टाकायचा आणि शॉटशी जुळणारा नवा हलता दाणा त्यावर घालायचा.

त्याच भिंतीवर ‘पुणे’ ही अक्षरे रंगवल्यासारखी हवी असतील, तर ट्रॅक आणि स्वाराची मॅट तीच वापरता येते. फक्त मॅट आता अक्षरांच्या रुंदीला पुरेल एवढी वाढवावी लागते. ठिगळाच्या जागी अक्षरे येतात आणि त्यांचे चार कोपरे भिंतीच्या ट्रॅकला जोडले जातात. अक्षरांचा काळा रंग शॉटमधल्या सर्वांत गडद सावलीपेक्षा गडद असू नये. नाहीतर ती भिंतीवर न दिसता पडद्याच्या काचेवर लिहिल्यासारखी वाटतात.