जिभेवरचा केस आणि भोपळ्याचा नकार

पुण्यात स्पॅनिश शिकवताना मी विद्यार्थ्यांना दर वर्षी एक वाक्य भाषांतराला देते. गावातल्या एका मावशीबद्दलचं हे वाक्य आहे. मावशी सरपंचाला त्याच्या तोंडावर सांगते की रस्त्याचे पैसे कुठे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेखक पुढे म्हणतो, मावशीच्या बाबतीत ‘नो तिएने पेलोस एन ला लेंग्वा’, म्हणजे शब्दशः ‘तिच्या जिभेवर केस नाहीत’. वर्गातली निम्मी मुलं झटकन लिहितात, ‘मावशीच्या जिभेला हाड नव्हतं.’ जीभ आहे, ‘नाही’ आहे, म्हणजे जुळलंच, असं त्यांना वाटतं.

पण इतक्यानं गोष्टीतली मावशीच बदलून जाते. जिभेला हाड नसलेला माणूस काय वाटेल ते बोलतो, आज एक आणि उद्या दुसरं. त्याच्या शब्दाला किंमत नसते. स्पॅनिश वाक्यातल्या मावशीचा शब्द मात्र गाव मानतं. ती खरं तेच बोलते आणि समोर कोण आहे हे पाहून थांबत नाही, एवढंच लेखकाला सांगायचं आहे. त्याच्या सुरात कौतुक आहे, थोडा धाकही आहे.

मग हा केस आला कुठून? जेवताना तोंडात केस आला तर काय होतं ते आठवून बघा. बोलणं अडतं, जीभ चाचपडायला लागते, बोट तोंडाकडे जातं. बोलण्यात येणारा हा अडथळाच स्पॅनिश माणसाला दिसतो. मराठीत त्या अडथळ्याला एक नेमका शब्द आहे, भीड. स्पॅनिश जिभेवरचा केस म्हणजे आपली भीड. हे एकदा सांगितलं की मुलं स्वतःच लिहितात, ‘मावशीला कुणाची भीड नव्हती,’ किंवा ‘मावशी भीडभाड न ठेवता बोलायची.’

त्यानंतरचं काम जास्त नाजूक असतं, कारण मराठीत अशा माणसासाठी शब्दांची उतरंडच आहे. स्पष्टवक्ती म्हटलं की आदर, रोखठोक म्हटलं की कौतुक. फटकळ म्हटलं की बोलणं लागतं, पण माणूस वाईट नाही. तोंडाळ म्हटलं की माणूसच नको. स्पॅनिश वाक्प्रचार या चारांपैकी पहिल्या दोघांच्या जवळ राहतो, फार तर फटकळपर्यंत सरकतो. वाक्य कोण बोलतंय त्यावर ते ठरतं. सरपंचानं मावशीबद्दल हेच म्हटलं तर मी ‘फटकळ’ लिहीन, तिच्या भाचीनं म्हटलं तर ‘रोखठोक’. तोंडाळ मात्र दोघांच्याही तोंडी घालणार नाही.

केसांचा आणखी एक वाक्प्रचार वर्गात असाच अडतो. ‘तोमार एल पेलो’ म्हणजे शब्दशः एखाद्याचा केस घेणं. आपल्याकडे केसानं गळा कापतात, म्हणून मुलांना लगेच विश्वासघात आठवतो. स्पेनमध्ये मात्र मित्र मित्राचे ‘केस घेतात’ तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही. ती निव्वळ फिरकी असते. एखाद्यानं खोटं सांगून दुसऱ्याला खरंच झुलवलं, तरी तक्रार करताना हाच वाक्प्रचार येतो. ‘माझी फिरकी घेतोस का?’ हे मराठी वाक्य हसत म्हणता येतं आणि डोळे वटारूनही म्हणता येतं, त्यामुळे ते तिथे नीट बसतं.

नाकाचंही असंच आहे. ‘एस्तोय आस्ता लास नारिसेस’, मी नाकापर्यंत आलोय. हे ऐकताच ‘नाकी नऊ आले’ ओठांवर येतं. पण नाकी नऊ येतात ते धावपळीनं, दमणुकीनं. लग्नघरात मुलीच्या आईच्या नाकी नऊ येतात, तरी ती आनंदात असते. स्पॅनिश नाकापर्यंत चढतो तो वैताग. वरच्या मजल्यावर रोज रात्री बारापर्यंत गाणी चालू असतील, तर खालचा माणूस हे वाक्य म्हणतो. मराठीत तो म्हणेल, ‘या गोंगाटाचा अगदी वीट आलाय.’ त्याहून चिडला तर स्पॅनिश माणूस नाकावरून टाळूपर्यंत जातो, ‘आस्ता ला कोरोनिया’. आपण तिथे म्हणतो, ‘आता पाणी डोक्यावरून गेलं.’ भांडं भरत आल्याचं चित्र दोन्ही भाषांत दिसतं ते इथे.

स्वयंपाकघरात शिरलं की घोटाळे वाढतात, आणि मला तेच जास्त आवडतात. ‘दार कालाबासास’, भोपळे देणं. मुलानं मुलीला मागणी घातली आणि तिनं नकार दिला, तर तिनं त्याला भोपळे दिले असं म्हणतात. परीक्षेत नापास झालेल्यालाही भोपळेच मिळतात. इथे मराठी वाचकाला दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे गणितात भोपळा मिळणं. पण आपला भोपळा म्हणजे शून्याचा आकार, पंचवीस गुण मिळवून नापास झालेल्याला तो मिळत नाही. दुसरी म्हणजे नारळ देणं. फळ हातात ठेवून माणसाला वाटेला लावायचं, चित्र अगदी सख्खं वाटतं. पण नारळ मिळतो तो आधी आत असलेल्याला. नोकराला मालक नारळ देतो, खेळाडूला निवड समिती देते. भोपळा मिळतो तो दारातच. ज्याला आत घेतलंच नाही, त्याला नारळ कसा देणार?

या जागी मराठीत एक सुंदर वाक्प्रचार आधीपासून तयार आहे, वाटाण्याच्या अक्षता लावणं. मागणी आहे, आशा आहे आणि समोरून साफ झिडकारणं आहे. शिवाय अक्षता म्हटलं की लग्न जवळ आलंच. ‘त्यानं तिला विचारलं, पण तिनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या.’ भोपळ्याच्या जागी वाटाणा आला, नकार तसाच राहिला. परीक्षेच्या भोपळ्यासाठी मात्र मी सरळ ‘नापास झाला’ लिहिते. तिथे अक्षता नेल्या तर परीक्षकाचं लग्न लागेल.

सगळ्यात मोठी गफलत तोर्तियावरून होते. ‘दार ला वुएल्ता आ ला तोर्तिया’, तोर्तिया उलटवणं. तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी, असं बहुतेकांना मेक्सिकन हॉटेलांमुळे माहीत असतं, आणि मेक्सिकोपुरतं ते खरंही आहे. मग मराठी माणसाच्या मनात लगेच भाकरी फिरवणं येतं. २०२३ मध्ये शरद पवारांनी भाकरी फिरवण्याची भाषा केली तेव्हा महाराष्ट्रात कुणाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. वेळेवर फिरवली नाही तर भाकरी करपते, म्हणून जागेवरची माणसं बदलायची.

पण स्पेनमधली तोर्तिया पोळी नव्हे. ते बटाट्याचं जाड ऑम्लेट असतं. बटाट्याच्या पातळ चकत्या ऑलिव्हच्या भरपूर तेलात मंद आचेवर मऊ करतात, तेल निथळून त्या फेटलेल्या अंड्यांत कालवतात आणि सगळं परत तव्यात ओततात. खालची बाजू धरली तरी वरचं अंडं अजून पातळ असतं. आता तव्यावर मोठी सपाट ताटली उपडी ठेवायची, ती तळहातानं दाबून धरायची आणि एका झटक्यात तवा उलटा करायचा. तोर्तिया ताटलीत येते, मग ती सरकवत तव्यात परत सोडायची. हात डळमळला तर कच्चं अंडं मनगटावर ओघळतं. जे खाली होतं ते वर आलं आणि वरचं खाली गेलं. वाक्प्रचाराचा अर्थ या क्षणातून येतो, परिस्थिती संपूर्ण उलटी होणं.

भाकरी आपण फिरवतो ती वरचं पाणी सुकलं आणि खालची बाजू भाजली म्हणून. तो रोजचा क्रम आहे, त्यात हारजीत नाही. तोर्तिया उलटते तेव्हा हरणारा जिंकतो. स्पॅनिश वर्तमानपत्रात फुटबॉलच्या बातमीत लिहिलेलं असतं, मध्यंतराला संघ दोन गोलांनी मागे होता, मग त्यानं तोर्तिया उलटवली. आपल्या क्रीडा पानावर याला म्हणतात, ‘संघानं सामना फिरवला.’ फिरवणं हे क्रियापद तेच राहिलं, फक्त भाकरी काढून टाकावी लागली. निवडणुकीच्या किंवा कोर्टकज्जाच्या बातमीत मी ‘पारडं फिरलं’ किंवा ‘डाव उलटला’ लिहीन. ‘भाकरी फिरवली’ लिहिलं तर वाचक पक्षाचा नवा अध्यक्ष कोण ते शोधत बसेल.

मसाल्याच्या डब्यातलं उदाहरण याच्या उलट आहे, तिथे दोन्ही भाषांचं चित्र जुळतं आणि वाक्याची रचना अडवते. ‘मे इंपोर्ता उन कोमिनो.’ कोमिनो म्हणजे जिरं. जिऱ्याएवढी क्षुल्लक गोष्ट, म्हणजे मला फिकीर नाही. आपण याच अर्थानं तीळ वापरतो, ‘मला तिळमात्र फिकीर नाही.’ दाण्याला दाणा मिळाला. पण स्पॅनिश वाक्यात ‘नाही’ कुठेच नाही. शब्दशः ते ‘मला एका जिऱ्याइतकं महत्त्व वाटतं’ असं होकारार्थी आहे, आणि जिऱ्याइतकं म्हणजे काहीच नाही हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मराठीत तीळ नकाराशिवाय उभा राहत नाही. ‘मला तिळमात्र फिकीर आहे’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. म्हणून भाषांतरात ‘नाही’ घालावंच लागतं. एक गोष्ट मात्र मराठी मुलांना फुकट मिळते. ‘मे’ म्हणजे ‘मला’. ‘मला आवडतं’, ‘मला वाटतं’ म्हणणाऱ्या भाषेतून आलेल्याला ही घडी समजावून सांगावी लागत नाही.

काही ठिकाणी शोधावंच लागत नाही. एखादी गोष्ट कुणी ‘दुधातून चोखली’ असं स्पॅनिशमध्ये म्हणतात, म्हणजे त्याला ती तान्हेपणापासून मिळालेली आहे. कोळ्याच्या घरात वाढलेल्या मुलानं समुद्र तसा चोखलेला असतो. तिथे एकच मराठी शब्द लिहायचा, बाळकडू.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे मी अजून अडते. ‘कोन लास मानोस एन ला मासा’, कणकेत हात असताना सापडणं. अर्थ सोपा आहे, रंगेहाथ पकडलं जाणं. चोराची गोष्ट असेल तर तेवढं लिहून पुढे जाता येतं. पण स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर १९८४ ते १९९१ या काळात एलेना सांतोन्हा यांचा एक स्वयंपाकाचा कार्यक्रम चालायचा. त्याचं नाव हेच होतं. त्यात नामवंत पाहुणे त्यांच्यासोबत स्वयंपाक करायचे, म्हणजे हात खरोखर कणकेत, आणि नावात चोरी पकडल्याची गंमतही. ‘रंगेहाथ’ लिहिलं तर कणीक जाते, ‘कणकेत हात’ लिहिलं तर चोर निसटतो. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीनं वहीत लिहून आणलं होतं, ‘पिठाच्या हातांनी पकडलं’. मराठीत असं कुणी म्हणत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी ते खोडलं नाही. बाजूला पेन्सिलनं ‘रंगेहाथ’ लिहिलं आणि दोन्ही तसंच राहू दिलं.