कुंडीतली कोथिंबीर : ४० दिवसांची वाढ, ९० सेकंदांची चित्रफीत

कोथिंबीर धण्यातून उगवते, पण स्वयंपाकघरातला धणा म्हणजे एक बी नव्हे. ते एक छोटे फळ असते आणि त्याच्या दोन अर्धुकांत एकेक बी असते. बाहेरचे टरफल कडक असल्याने पाणी आत हळूहळू शिरते. अख्खे धणे पेरले तरी ते उगवतात. मात्र वेळ जास्त लागतो आणि एकाच जागी दोन रोपे चिकटून येतात. म्हणून पेरणीआधी धणे फोडून घ्यायचे. पोळपाटावर मूठभर धणे पसरून लाटणे हलक्या हाताने एकदा फिरवले की अर्धुके सुटी होतात. पोळपाटावर धण्याची पूड दिसू लागली तर दाब जास्त झाला आणि आतले बी चिरडले असे समजावे. फोडलेले धणे ८ ते १० तास पाण्यात भिजवून, निथळून, फडक्यावर जरा कोरडे होऊ द्यावेत, म्हणजे पेरताना ते बोटांना चिकटत नाहीत.

वाण्याकडचे धणे चालतात, पण ते नवे असले पाहिजेत आणि भाजलेले नसावेत. डब्यात वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या धण्यांची उगवणशक्ती घटलेली असते आणि ते नुसते पाहून कळत नाही. शंका असेल तर २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि फडके रोज ओलसर राखावे. १० ते १२ दिवसांत निम्म्यांनाही कोंब फुटले नाहीत, तर ते धणे फोडणीसाठीच ठेवावेत. बियाण्यांच्या दुकानातले गुलाबी किंवा निळसर रंगाचे बी बुरशीनाशक लावलेले असते. ते पेरायला उत्तम, पण उरलेले बी मसाल्याच्या डब्यात जाता कामा नये.

कोथिंबिरीला सोटमूळ असते. ते सरळ खाली जाते आणि रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्याला सोसत नाही. धक्का बसलेले रोप पाने देण्याऐवजी लवकर फुलावर येते. म्हणून आधी छोट्या पेल्यात रोपे करून नंतर मोठ्या कुंडीत हलवण्याची पद्धत टोमॅटो-मिरचीला योग्य असली, तरी इथे चुकीची ठरते. बी कायमच्या जागीच पेरायचे. कुंडी निदान ६ इंच खोल आणि शक्य तितकी रुंद असावी, कारण उंच आणि अरुंद कुंडीत माती भरपूर लागते आणि पीक मात्र चिमूटभर येते. खिडकीच्या कठड्यावर मावणारा दीड फूट लांब, ६ इंच रुंद, ६ इंच खोल असा प्लॅस्टिकचा आयताकृती ट्रे बहुतेक घरांना सोयीचा पडतो. त्याच्या तळाला पेन्सिलीएवढी पाच-सहा भोके हवीत.

तळाला दगड-खडीचा थर देण्याची चाल जुनी आहे, पण छोट्या कुंडीत ती उलटते. माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे खडीच्या वरची माती चिकचिकीत राहते आणि मुळांना मिळणारी ६ इंचांची खोली ४ इंचांवर येते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरते.

मातीबाबत महाराष्ट्रात एक अडचण हटकून येते. देशावरची काळी माती शेतात सोन्यासारखी असली, तरी ट्रेमध्ये ओली असताना लगदा होते, वाळली की आक्रसून कडा सोडते, आणि मग दिलेले पाणी कडेने सरळ खाली निघून जाते. म्हणून मातीइतकेच गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत आणि तेवढेच भिजवलेले कोकोपीट, असे तीन समान भाग एकत्र करावेत. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते एकदा-दोनदा साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्यावे. वरील मापाच्या ट्रेला सुमारे ९ ते १० लिटर मिश्रण लागते. वरचा एक इंच रिकामा सोडला की पाणी बाहेर सांडत नाही. एवढे खत ४० दिवसांना पुरते. वेगळे खत द्यायची गरज सहसा पडत नाही. दूध-साखरेच्या चहाचा चोथा थेट ट्रेत टाकल्याने पोषण मिळण्याआधी मुंग्या आणि बुरशी येते.

एका ट्रेला एक चहाचा चमचा धणे पुरेसे होतात. बोटाने तीन-चार उथळ रेषा ओढून त्यांत बोटभर अंतरावर दाणे टाकावेत आणि वर सुमारे १ सेंटिमीटर मिश्रण पसरावे. याहून खोल गेलेले बी वर यायला धडपडते, आणि नुसते वर टाकलेले बी पाण्याबरोबर एका कोपऱ्यात गोळा होते.

यानंतरचे ८ ते १२ दिवस ट्रेत काहीच दिसत नाही, आणि बहुतेक पेरण्या याच काळात बिघडतात. कोणी एक दिवस विसरते आणि फुगलेले बी सुकते. कोणी काळजीपोटी दोन-दोन वेळा तांब्याने पाणी ओतते आणि बी कुजते. खरी कसोटी बोटाची. बोट पेरापर्यंत मातीत घालून ओल लागली तर पाणी द्यायचे नाही. पाणी झारीने किंवा फवाऱ्याने द्यावे, नाहीतर ट्रे १५ मिनिटे उथळ पाण्यात ठेवून खालून शोषू द्यावा. ट्रेखालच्या बशीत उरलेले पाणी ओतून टाकलेच पाहिजे. त्यात मुळे गुदमरतातच, शिवाय डेंग्यू पसरवणारे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

हा क्रम छोट्या चित्रफितीत मांडायचा, तर नेमका हाच रिकामा काळ कापला जातो. पहिल्या दृश्यात पेरणी आणि लगेच दुसऱ्यात हिरवागार ट्रे, असे पाहून बसलेल्या माणसाला आठव्या दिवशी आपले काहीतरी चुकले असे वाटते आणि तो माती उकरून बघतो. त्यामुळे पेरणीपासूनच्या प्रत्येक दृश्यात पडद्यावर दिवसाचा आकडा ठेवणे हे अशा संहितेतले सर्वांत महत्त्वाचे काम. चित्रण रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी, मोबाइल उभा धरून करावे. ९० सेकंदांची संहिता अशी होऊ शकते :

० ते १२ सेकंद. दृश्य : पोळपाटावर धणे, फिरणारे लाटणे, मग वाटीतले पाणी. निवेदन : “धणे हलक्या हाताने फोडा. पूड होऊ देऊ नका. रात्रभर भिजवा.”

१२ ते २७ सेकंद. दृश्य : ट्रेचा तळ, भोके, तीन ढीग एकत्र कालवणारे हात. निवेदन : “ट्रे ६ इंच खोल. माती, गांडूळखत, कोकोपीट सारखे घ्या. तळाला खडी नको.”

२७ ते ४० सेकंद. पडद्यावर : दिवस १. दृश्य : बोटाने ओढलेल्या रेषा, पडणारे दाणे, झारी. निवेदन : “बी एक सेंटिमीटर खोल पेरा. पाणी झारीनेच.”

४० ते ५५ सेकंद. पडद्यावर : दिवस ३, दिवस ६, दिवस ९. दृश्य : तोच रिकामा ट्रे, तपासणारे बोट. निवेदन : “आठ ते बारा दिवस काहीच दिसणार नाही. उकरू नका. बोटाला ओल लागली तर पाणी देऊ नका.”

५५ ते ७५ सेकंद. पडद्यावर : दिवस १२, मग दिवस २०. दृश्य : लांबट जोडपाने, नंतर नक्षीदार पान, शेजारी सावलीतल्या ट्रेमधली लोळलेली रोपे. निवेदन : “पहिली दोन पाने कोथिंबिरीसारखी दिसत नाहीत. घाबरू नका. रोपे बारीक होऊन लोळली, तर ऊन कमी आहे.”

७५ ते ९० सेकंद. पडद्यावर : दिवस ३८. दृश्य : कात्रीने कापलेल्या बाहेरच्या काड्या. निवेदन : “बाहेरच्या काड्या कापा, मधला कोंब ठेवा. पुन्हा फुटेल.”

निवेदन मुद्दाम तोकडे ठेवले आहे, कारण हात काम करताना दिसत असतील तिथे बोलणे मागे राहिले तरी चालते. मात्र चुकांची लक्षणे एका दृश्यात मावत नाहीत. रोप उंच, फिकट आणि एका बाजूला झुकलेले असेल तर उन्हाची उणीव. याउलट रोपाचा रंग चांगला, पण जमिनीलगत देठ पिचून ते आडवे पडले, तर ती मर. दाट पेरणी आणि सततची ओल यांमुळे बुरशी देठात शिरते. पडलेली रोपे काढून टाकावीत, पाणी आवरावे आणि उरलेल्यांत विरळणी करून वारा खेळू द्यावा. पहिल्या प्रकारात पाणी कमी करून काही साधत नाही आणि दुसऱ्यात ट्रे उन्हात ठेवल्याने पडलेले रोप उठत नाही, म्हणून लक्षण आधी ओळखायला हवे. पानांच्या मागे हिरवे-काळे बारीक किडे आणि चिकटपणा दिसला तर तो मावा. सुरुवातीला पाण्याच्या फवाऱ्यानेच तो धुऊन जातो. न गेल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारावे, आणि नंतर काही दिवस पाने खुडू नयेत.

उन्हाचा हिशेब दिशेवर आणि ऋतूवर ठरतो. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळाले तर कोथिंबीर दाट येते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली. तीच खिडकी मे महिन्यात जवळजवळ सावलीत जाते, कारण मुंबईच्या अक्षांशावर तेव्हा सूर्य माध्यान्ही डोक्यावर असतो. नेमकी उत्तरेची खिडकी असलेल्या घरात हिवाळी कोथिंबीर करण्याचा हट्ट धरू नये.

पहिली कापणी ३५ ते ४० दिवसांनी मिळते. बाहेरच्या काड्या मातीपासून इंचभर वर कापल्या तर दोन-तीन वेळा पाने मिळतात. त्यानंतर काड्या राठ होतात. एका ट्रेतून एका वेळी पोह्यांवर आणि आमटीत घालण्यापुरती मूठ निघते, कोथिंबीरवडीची जुडी नव्हे. सलग पुरवठा हवा असेल तर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन ट्रे पेरावे लागतात.

उन्हाळा लागला की पाने बडीशेपेसारखी बारीक चिरलेली येऊ लागतात आणि मधून उंच दांडा निघतो. ही फुलोऱ्याची सुरुवात आहे आणि ती खुडून थांबत नाही. तेव्हा दांड्यावर पांढरी फुले येऊ द्यावीत, पुढच्या पेरणीचे धणे मिळतात. त्याच ट्रेत मग पुदिना लावता येतो. बाजारच्या जुडीतल्या चार इंची काड्यांची खालची पाने काढून त्या पाण्यात उभ्या केल्या की आठवड्या-दीड आठवड्यात मुळे फुटतात. पुदिन्याला अर्धी सावली चालते, ओल जास्त लागते आणि त्याचे धावते खोड शेजारच्या रोपांना जागा ठेवत नाही. म्हणून त्याच्याबरोबर ट्रेत दुसरे काही लावू नये, आणि ऑक्टोबरमध्ये कोथिंबिरीसाठी तोच ट्रे रिकामा करायचा असेल तर पुदिन्याचे प्रत्येक मूळ काढावे. राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो.