चहा निवतो कोणत्या हिशेबाने?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात हमखास येणारे एक गणित घ्या. कपातला चहा ८५ अंश सेल्सिअसवर आहे, खोलीचे तापमान २५. दहा मिनिटांत चहा ६५ वर आला. आणखी दहा मिनिटांनी तो किती असेल?

घाईत दोन उत्तरे सुचतात. दहा मिनिटांत २० अंश गेले, तर पुढच्या दहांत आणखी २० जातील आणि चहा ४५ वर येईल, हे पहिले. पण याच चालीने आणखी वीस मिनिटांत चहा ५ अंशांवर, म्हणजे खोलीपेक्षाही थंड व्हायला हवा. दुसरे उत्तर जरा हुशारीचे: ८५ चे ६५ झाले, त्याच प्रमाणात ६५ चे साधारण ४९.७. गुणोत्तर घ्यायची कल्पना बरोबर, पण ते चुकीच्या आकड्यांचे घेतले. अशाने चहा शेवटी शून्य अंशाकडे जाईल, आणि शून्य अंश सेल्सिअसचा या खोलीशी काही संबंध नाही.

चहाला कळते ते एवढेच, की आपण भोवतालापेक्षा किती गरम आहोत. न्यूटनने १७०१ मध्ये निनावी छापलेल्या निबंधात मांडलेल्या नियमाचा गाभा हाच: निवण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणून सगळ्यात आधी प्रत्येक तापमानातून २५ वजा करायचे. सुरुवातीचा फरक ६०, दहा मिनिटांनी ४०. म्हणजे दर दहा मिनिटांनी फरकाचा दोन तृतीयांश भाग उरतो. ४० चे २६.७ होतात, त्यात २५ परत मिळवले की चहा ५१.७ अंशांवर. आणखी दहा मिनिटांनी फरक १७.८, चहा ४२.८ वर. आधी २० अंश गेले, मग १३, मग ९. हाच घातांकी ऱ्हास, आणि सूत्रात तो असा दिसतो:

T = Ts + (T0 − Ts) e^(−kt)

यात Ts म्हणजे खोलीचे तापमान. आपल्या कपासाठी k दर मिनिटाला ०.०४०५ येतो आणि फरक निम्मा व्हायला सुमारे १७.१ मिनिटे लागतात.

पण e ची ओळख होण्याआधी शाळेत हेच गणित सरासरीने सोडवतात: दहा मिनिटांतला सरासरी वेग बरोबर k गुणिले सरासरी फरक. पहिल्या टप्प्यात वेग मिनिटाला २ अंश, सरासरी फरक ५०, म्हणून k ०.०४. हा k वापरून पुढचे तापमान काढा. उत्तर तंतोतंत ५१.७ येते. k थोडा चुकीचा असूनही उत्तर बरोबर कसे? फरकांना p आणि q म्हटले, तर सरासरीचे सूत्र सांगते की (p − q)/(p + q) = kt/2. नववीतली योग-वियोग क्रिया इथे कामाला येते: वेळ तीच असेल तर उजवी बाजू तीच, म्हणून p/q हे गुणोत्तरही तेच. समान टप्पे घेतल्यावर सरासरीचे सूत्र नकळत घातांकी नियमच पाळते, आणि k मधली चूक दोन्हीकडे सारखी असल्याने दिसत नाही. टप्पा बदलला की ती उघडी पडते. चहा ६५ वरून ४५ वर यायला किती वेळ लागेल? फरक ४० चा २० होतो, म्हणजे निम्मा; खरे उत्तर १७.१ मिनिटे. सरासरीचे सूत्र १६.७ सांगते. परीक्षेत दोन्ही चालतात, पण उत्तरे वेगळी का आली हे विद्यार्थ्याला कोणी क्वचितच सांगते.

आता खरा कप आणि तापमापी घेऊन बसलात, तर दर पाच मिनिटांच्या फरकांचे आधीच्या फरकाशी गुणोत्तर काढा. नियम चोख पाळला जात असेल तर ते प्रत्येक वेळी सारखेच येईल. आपल्या उदाहरणात ०.८२ च्या जवळपास. उघड्या कपात बहुधा तसे होत नाही. सुरुवातीची गुणोत्तरे लहान येतात, कारण वाफ होऊन उडणारे पाणी भरपूर उष्णता घेऊन जाते, आणि बाष्पीभवन तापमानाबरोबर फरकाच्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त वाढते. नियमात याची सोय नाही.

मात्र गुणोत्तर वाढत जाण्याचे आणखी एक कारण असू शकते: खोलीचे तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी धरले गेले असेल. खोली २५ वर असताना २२ धरली, तर दहा-दहा मिनिटांची गुणोत्तरे ०.६८, ०.६९, ०.७० अशी चढत जातात. दोन्हीतला भेद ओळखायला कपावर बशी झाका, मोजमाप पुन्हा घ्या. सुरुवातीची घसरण मंदावली आणि गुणोत्तरे जवळजवळ स्थिर झाली, तर दोष वाफेचा. बशी ठेवूनही ती चढतच राहिली, विशेषतः चहा कोमट झाल्यावर, तर तापमापी कपातून काढून, पुसून, टेबलाजवळच्या हवेत थोडा वेळ ठेवा आणि वजा करायचा आकडा पुन्हा वाचा.