तोरणमाळच्या दिवसात मोकळा वेळ किती ठेवायचा?

नंदुरबारला रेल्वेने उतरून तोरणमाळ पाहायचं आणि रात्रीची गाडी पकडायची, असा बेत असेल तर मोकळा वेळ सगळ्या ठिकाणी थोडाथोडा वाटू नका, परतीसाठी राखा. शहाद्यापर्यंत वेग मिळतो, पण सातपायरी घाटाची वळणं तो खातात.

माझा अंदाज सांगतो. दोघं तरुण दुचाकीवर असतील तर तासभर पुरे. लहान मुलं असली की दोन तास, कारण घाटात मळमळलं की थांबावंच लागतं. आजी-आजोबा सोबत असतील तर सीताखाई किंवा यशवंत तलाव, एकच निवडा आणि शक्यतो मुक्कामच करा. पावसाळ्यात धुकं असतं आणि दरडी कोसळतात, तेव्हा तरुणांनीही दुप्पट वेळ धरावा.

दुपारी तीनपर्यंत उतरायला लागला नाहीत, तर उरलेलं ठिकाण सोडा.