अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉनचे साप्ताहिक सराव-नियोजन

अर्ध-आयर्नमॅन ही १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल चालवणे आणि २१.१ किमी धावणे हे तीन टप्पे याच क्रमाने सलग पूर्ण करण्याची ट्रायथलॉन शर्यत होय. एकूण अंतर ११३ किमी, म्हणजे ७०.३ मैल भरत असल्याने तिला '७०.३' असेही म्हणतात. गोव्यात या अंतराची आयर्नमॅन शर्यत २०१९ साली प्रथम पणजीजवळच्या मिरामार येथे झाली. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्या स्पर्धकापुढील मुख्य प्रश्न असतो तो आठवड्याचे मोजके तास तीन प्रकारांत कसे वाटावेत हा.

वेळेची वाटणी

तासांचे तीन समान भाग करणे न्याय्य वाटले, तरी ते शर्यतीच्या स्वरूपाशी जुळत नाही. सुमारे सहा तासांत शर्यत संपवणारा स्पर्धक साधारण पाऊण तास पाण्यात, तीन तासांच्या आसपास सायकलवर आणि दोन तासांहून थोडा अधिक वेळ धावण्यात घालवतो. सरावाची वाटणीही ढोबळमानाने याच प्रमाणात केली जाते.

याचे कारण एका हिशोबातून स्पष्ट होते. दर १०० मीटरला अडीच मिनिटे घेणारा स्पर्धक १.९ किमी साडेसत्तेचाळीस मिनिटांत पोहतो. त्याने हा वेग १०० मीटरला १० सेकंदांनी सुधारला, तर त्याची तीन मिनिटांहून थोडी अधिक बचत होते. तोच स्पर्धक सायकलवर ताशी २८ ऐवजी ३० किमी वेग राखू लागला, तर सुमारे १३ मिनिटे वाचतात. मात्र पोहण्याचा टप्पा नेमून दिलेल्या मुदतीत संपेल की नाही अशी ज्याला शंका आहे, त्याला हा हिशोब लागू पडत नाही. मुदत चुकल्यास शर्यत तेथेच संपते. अशा स्पर्धकाने काही आठवडे सायकलचा एक तास तरणतलावाला द्यावा हेच योग्य.

आठ तासांचा नमुना आठवडा

सोमवारी विश्रांती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाऊण-पाऊण तास पोहणे. बुधवारी सव्वा तास सायकल, तीत मध्यंतरी सावकाश चालवत दहा-दहा मिनिटांचे तीन जोरकस टप्पे. गुरुवारी एक तास धावणे. शनिवारी पावणेतीन तासांची लांब सायकलफेरी आणि उतरताच पंधरा मिनिटे धावणे. रविवारी सव्वा तास संथ धावणे. अशा रीतीने पोहण्याला दीड तास, सायकलला चार तास व धावण्याला अडीच तास मिळतात.

पोहण्याचा दीड तास एकाच दिवशी उरकता येत नाही असे नाही. पण पोहण्यात दमापेक्षा हाताची ओढ आणि शरीराची आडवी स्थिती अधिक महत्त्वाची असते, आणि ती आठवडाभराच्या खंडाने बिघडते. म्हणून वेळ तेवढाच ठेवून तो दोनदा विभागतात. शनिवारच्या सायकल-धावणे जोडसरावाला 'ब्रिक' म्हणतात. सायकलवरून उतरल्यावर पाय काही काळ जड व परके वाटतात. त्या अवस्थेत वेग आवरून धरण्याची सवय व्हावी एवढाच त्याचा हेतू असल्याने पंधरा मिनिटे पुरेशी होतात.

मर्यादा आणि चुका

या आठवड्याचा कच्चा दुवा रविवार आहे. आदल्या दिवशीच्या सायकलीने थकलेल्या पायांनी लांब धावणे शर्यतीच्या जवळ जाणारे असले, तरी धावताना प्रत्येक पावलाचा आघात हाडांना व स्नायुबंधांना सोसावा लागतो. पूर्वी पोटरी वा नडगी दुखावलेल्यांनी लांब धाव गुरुवारी हलवावी व रविवारी तासभर सावकाश धावावे. नडगीच्या हाडावर एका ठरावीक जागी दाबल्यास दुखत असेल, तर धावणे थांबवून वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण ते हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचे लक्षण असू शकते. दरम्यान तो वेळ, वेदना होत नसल्यास, पोहण्याला देता येतो.

दुसरी नेहमीची चूक बुडालेल्या सरावाच्या भरपाईची. मंगळवार-बुधवार कार्यालयीन कामात गेले, की त्यांचे दोन तास शनिवार-रविवारच्या माथी मारले जातात आणि पुढचा आठवडा थकव्यात जातो. बुडालेला सराव सोडून द्यावा आणि शनिवारची लांब फेरी मात्र शक्यतो चुकवू नये, हा बहुतेक नियोजनांचा संकेत आहे.

सामान्यतः तीन आठवडे भार हळूहळू वाढवून चौथ्या आठवड्यात तो सुमारे पाच तासांवर आणतात. सकाळी उठल्याबरोबर मोजलेली हृदयगती सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा वर राहिली, किंवा ओळखीच्या रस्त्यावर नेहमीच्याच वेगासाठी अधिक दम लागू लागला, तर चौथ्या आठवड्याची वाट न पाहता हा हलका आठवडा अलीकडे घेतला जातो.